आधी बांध, मग हिशोब

फळ्यासमोर उभी राहिले तेव्हाही माझा एक कान पर्समधल्या फोनकडे होता. लेक नुकती रांगायला लागलेली, घराला जिना, आणि जिन्याला फळीचं फाटक. सासूबाई ते फाटक लावायचं विसरतात.

निवड समितीत तिघं होते. मधल्या खुर्चीत अध्यक्ष, म्हणजे माझेच कॉलेजातले सर. डावीकडे प्राचार्य, उजवीकडे बाहेरून आलेल्या एक परीक्षक. इतकी वर्षं तासिका तत्त्वावर शिकवून काढली होती. आज कायमची जागा मिळणार होती किंवा जाणार होती. नमुना तासासाठी विषय दिला सरांनीच: गुणाकाराची सीमा (लिमिट) ही सीमांचा गुणाकार असते, सिद्ध करा.

मी लिहिलं: x हा a कडे जाताना f ची सीमा L, g ची M. मग f(x)g(x) − LM: हा फरक कितीही लहान दिलेल्या एप्सिलॉनच्या आत आणायचा, आणि त्यासाठी x ने a च्या किती जवळ राहायचं ते अंतर म्हणजे डेल्टा. मधे L·g(x) एकदा वजा केलं, एकदा मिळवलं. दोन तुकडे पडले: g(x) गुणिले (f(x) − L), आणि L गुणिले (g(x) − M).

"दुसरा तुकडा सोपा आहे, L ठरलेली संख्या आहे," मी म्हणाले. "पहिल्यात f(x) − L लहान होतंय, पण त्याच्या शेजारी g(x) बसलाय, आणि तो हलतो. म्हणून आधी त्याला बांध घालू. a च्या इतकं जवळ जाऊ की g(x) आणि M मधलं अंतर एकपेक्षा कमी राहील. मग |g(x)| हा |M| + 1 पेक्षा लहान."

"हे एक कुठून आणलंत?" सर म्हणाले.

"कुठलीही धन संख्या चालते, सर. एक सोयीची."

"सोयीची! मी तुम्हाला काय शिकवलं होतं? f(x) − L हे एप्सिलॉन भागिले दोन g(x) पेक्षा लहान घ्या. एका ओळीत काम तमाम." ते प्राचार्यांकडे वळून हसले. "लग्न झालं की मुली साधी गोष्ट लांबवायला शिकतात."

प्राचार्यही हसले. परीक्षक हसल्या नाहीत, कागद चाळत राहिल्या.

माझ्या हातातला खडू मोडला. मान हलवली असती तर जागा माझी होती, हे मला स्पष्ट दिसत होतं. सरांना हो ऐकायची सवय होती आणि मला हो म्हणायची.

"सर, डेल्टा आधी ठरतो की x आधी निवडतो?"

"हा काय प्रश्न झाला?"

"डेल्टा आधी. मग त्याच्या आतला प्रत्येक x चालला पाहिजे. तुमच्या ओळीत g(x) आहे, म्हणजे डेल्टा ठरवायला x आधीच हातात हवा. आणि एखाद्या x ला g(x) शून्य निघाला तर? शून्याने भागणार?"

"सीमा M आहे ना! g(x) च्या जागी M ठेवा की."

"तो M कडे जातोय, M झालेला नाही. मूल रांगत असताना आपण आधी फाटक लावतो, मग दुसऱ्या कामाला हात घालतो. तसंच—"

"घरातली उदाहरणं घरी ठेवा, बाई."

बाई! माझ्या नावाची फाईल त्यांच्या कोपराखाली उघडी होती. मी वळले आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: x · (1/x) = 1.

"घ्या, घराबाहेरचं उदाहरण. x शून्याकडे जातोय, हवा तितका लहान होतोय. गुणाकार एकावरून तसूभरही हलत नाही. का? दुसऱ्याला बांध नाही म्हणून. 'एक गुणक लहान झाला, बाकीचं होईल' एवढ्यावर भागत नाही, सर. इथे g ला सीमा आहे, म्हणून बांध घालता येतो. पण घालावा लागतो!"

मग न थांबता उरलेलं लिहून काढलं. f(x) − L साठी एप्सिलॉन भागिले 2(|M| + 1). g(x) − M साठी एप्सिलॉन भागिले 2(|L| + 1), म्हणजे L शून्य असला तरी अडत नाही. बांधाचा, f चा आणि g चा, अशा तीन डेल्टांपैकी सगळ्यात लहान घ्यायचा. दोन्ही तुकडे अर्ध्या एप्सिलॉनच्या आत. झालं.

"फळा पुसून जा," सर म्हणाले.

मी डस्टर उचललं आणि परत ठेवून दिलं. "राहू दे. पुढच्याला उपयोगी पडेल."

बाहेर बाकावर पुढचा उमेदवार कागदात डोकं घालून पुटपुटत होता. "ताई, काय विचारलं?"

"गुणाकाराची सीमा. आधी g ला बांध घाल."

"पण सरांना त्यांचीच एक ओळ लागते म्हणे. सगळे सांगतात."

"चूक आहे ती."

"माहितीये हो," तो ओशाळं हसला. "पण मला नोकरी हवीये." आणि आत गेला.

सगळ्यांना माहीत होतं! पायरीवर उभी राहून घरी सासूबाईंना फोन लावला.

"फाटक लावलंय ना?"

"अगं, ती जिन्याजवळ आली की लावतेच की मी! किती वेळा विचारशील?"

"आल्यावर नाही, आई!" मी इतक्या जोरात ओरडले की शिपाई वळून बघायला लागला. "ती यायच्या आधी!"