पाट घेऊन मुंबईला

"पाट? मुंबईला पाट?" दामूने कपाळाला हात लावला. "वैनी, डोकं फिरलं का काय तुमचं?"

"फिरलंच हाय. उचला मुकाट्यानं," बाईजा म्हणाली आणि आसनगाव स्टेशनच्या वाटेला लागलीसुद्धा.

दामू तिचा दीर. मुंबईत दोन पावसाळे हमाली केली होती, म्हणून सगळी मुंबई आपल्या खिशात आहे असं त्याला वाटायचं. थोरल्या लेकीच्या, सावळीच्या, लग्नाच्या खरेदीचा फेरा त्यानेच आखला होता. आणि काय आखला होता, वा रे वा! बाईजाचा भाऊ मंगळू लालबागच्या गिरणीत. पहिल्या पाळीला गेलेला माणूस दुपार कलल्याशिवाय घरी यायचा नाही. तेव्हा दामूने ठरवलं की आधी खाली पायधुनीला जाऊ, भांडी-कापड घेऊ आणि घरी परतताना मामाला अक्षत देऊ. हिशेब सरळ दिसत होता. पण यांच्यात रीत अशी की मामाला अक्षत पोचल्याखेरीज लग्नाची सुतळीसुद्धा विकत घ्यायची नाही. मंगळूने दारात हंडा बघितला, बस्त्याचं गाठोडं बघितलं आणि तोंड फिरवलं. सावळीला मांडवात दुसऱ्याच कुणी उचलून आणली. तेव्हापासून बहीणभावांत बोलणंच नाही. बाईजा चुलीपुढे बसून कितीदा तरी रडली होती, धुराचं निमित्त करून.

आता धाकटी यमू. मुलाकडच्यांनी घाईने तीथ काढली, परवा हळद. मुंबईला जायला हा एकच दिवस. आणि यमूने तर सांगूनच टाकलं होतं, "आये, मामाच्या हातानंच मांडवात जाईन, नायतर पायानं चालत जाईन."

म्हणून यंदाचा फेरा बाईजाने स्वतः आखला. आधी लालबाग आणि तिथून खाली, खाली, सरळ बोरीबंदरापर्यंत. मागे वळायचंच नाही.

"आणि मंगळूदादा घरी नसंल तर? वाट बघत बसलो तर बाजार गेला हातचा," दामू गाडीत कुरकुरला.

"घरी जातंय कोण? गिरणीच्या फाटकावर गाठायचा. मधल्या सुट्टीत."

"रस्त्यात अक्षत? आता तर तो कायमचाच तुटंल, वैनी!"

बाईजाने शेजारचा पाट थोपटला. "म्हणून तर पाट आणलाय."

दादरला उतरून दोघं ट्राममध्ये चढली. कंडक्टरने पाटाकडे बघितलं. "बाई, बसायला बाकं आहेत आमच्याकडे." सगळी ट्राम हसली. दामूने मान खाली घातली. बाईजानेही हसून घेतलं आणि पाट बाकाखाली सरकवला.

गिरणीचा भोंगा झाला. फाटकातून माणसांचा लोंढा बाहेर पडला, डोक्याला कापूस चिकटलेला. बाईजाने फुटपाथ पदराने झाडला, पाट मांडला आणि घरच्यासारखी हाक दिली, "मंगळ्याऽऽ!"

मंगळू थबकला. बहिणीला बघून त्याचा चेहरा आधी उजळला, मग ओढल्यासारखा झाला. त्याची नजर तिच्या हातांकडे गेली, मग दामूच्या हातांकडे. गाठोडं नाही, भांडं नाही.

"बस," बाईजा म्हणाली. "यमूचं लगीन काढलंय. अजून कायसुद्धा घेतलेलं नाय. पयली अक्षत तुझी."

भोवती गिरणीची माणसं जमली. कुणीतरी म्हणालं, "बसा हो मामा!" मंगळू बसला. बाईजाने कुंकू लावलं आणि अक्षत हातात दिली.

"लय वर्सं लावलीस, बाय," मंगळू एवढंच म्हणाला. दामू उगाचच ट्रामच्या तारांकडे बघत राहिला.

पुढचं काम पाण्यासारखं झालं. पायधुनीला उतरून आधी तांबाकाट्याच्या भांडीबाजारात हंडा घेतला आणि नाव घालायला तिथेच ठेवला. नाव कोरून होईस्तोवर भुलेश्वरला बाशिंग आणि बांगड्या घेतल्या. परतताना हंडा उचलला आणि त्याच्यातच बांगड्या धडुत्यात गुंडाळून ठेवल्या. मग मंगळदास मार्केटात कापड, आणि तिथून बोरीबंदर हाकेवर. गाडी तिथूनच सुटणार, म्हणून दोघांना बसायला जागाही मिळाली.

गाडी हलली तसा दामू ओरडला, "वैनी! पाट! पाट फाटकावरच ऱ्हायला! आता परत लालबाग!"

"काय नको."

"अवो, यमूचा पाट तो! त्याच्यावरच उभी ऱ्हाणार ना पोर?"

"म्हाईत हाय. मी उचलाय गेले, तर मंगळ्यानं बगलेत मारला." बाईजाने डोळ्याला पदर लावला. या खेपेला धुराचं निमित्त नव्हतं. "म्हणला, ऱ्हाऊ दे बाय, लग्नाला मीच घेऊन येतो."