न घेतलेलं पत्र

पोस्टमन फुलसिंगनं दारात सायकल टेकवली आणि आवाज दिला, "पारबतामाय, रजिस्टर उनं शे! आंगठा कर."

नंदुरबारच्या त्या गल्लीत पार्वतीबाईंच्या नावानं रजिस्टर पत्र कधी आलं नव्हतं. भाकरीच्या पिठाचे हात घेऊन त्या ओट्यावर आल्या.

"कोठून उनं?"

"सुरतथून."

सुरतेला त्यांचा दीर राहत होता. नवरा वारल्यापासून तो ज्याच्या त्याच्याकडे निरोप धाडत होता, "घर आमच्या बापाचं आहे, वहिनीला कोर्टाची नोटीस काढतो." दोन खोल्यांचं ते घर. एकीत त्या राहत. दुसरी महिना पाच रुपये भाड्यानं कापसाच्या जिनिंगमधल्या चुनीलाल कारकुनाला दिली होती. त्या भाड्यावर त्यांची चूल पेटे.

"माले नको," त्या म्हणाल्या.

"आवं, कोणं शे ते तं वाचू दे." फुलसिंगनं पाकीट उलटं केलं.

"वाचू नको रे, भाऊ!" पार्वतीबाईंनी पिठाचेच हात कानांवर ठेवले. "मी काहीच आयकं नही, असं सांगीन मी कोर्टात!"

फुलसिंग हसला. "मन्ही नोकरीत कान झाकनारी तू पहिलीच!" पण घेणारा नको म्हणतो, तर त्याचाही इलाज नव्हता. 'घेण्यास नकार' असं पाकिटावर लिहून त्यानं खाली तारीख घातली आणि तो गेला.

ते रजिस्टर गेलं खरं, पण पार्वतीबाईंना घास गिळवेना. आपण घेतलं नाही म्हणजे आपल्याला लागलं नाही, असं त्या स्वतःला समजावत राहिल्या. चुनीलाल असता तर त्याला विचारलं असतं. पण तो नव्या नोकरीच्या खटपटीत दहा दिवसांपूर्वी खोलीला कुलूप लावून गेला होता, आणि कुठं गेला हे त्यांनी विचारलंही नव्हतं.

चौथ्या दिवशी धीर सुटला. ज्वारीच्या कोठीतून फडक्याची पुरचुंडी काढली. चुनीलालच्या अनामतीचे पंधरा रुपये तीन वर्षं तिच्यात गाठ मारून ठेवलेले होते, बोटही लागलं नव्हतं. ती घेऊन पार्वतीबाई एका वकिलाकडे गेल्या.

वकिलांनी सगळं शांतपणे ऐकलं. "बाई, नाकारलेलं रजिस्टर कायद्यानं मिळालेलंच धरतात. तुम्ही ते न घेऊन काहीच टाळलं नाहीत. उलट त्यात काय होतं, तेवढंच तुम्हाला कळलं नाही."

उत्तराची तयारी म्हणून वकिलांनी पाच रुपये घेतले. "पत्र आणा, मग पुढचं बघू," म्हणाले. आता ते पत्र कुठून आणायचं?

घरी आल्या तर ओट्यावर चुनीलाल बसलेला. हातात तेच पाकीट, न फोडलेलं. चेहरा उतरलेला.

"माय, तीन वरीस मी तुन्हा घरमा राहिनू. मन्हं पत्र परत धाडं? अनामत देवानी नही, असं सरळ कळावती, तं मी आगगाडीना पैसा तरी नही भरतू."

"तुन्हं पत्र?" पार्वतीबाईंनी विचारलं. "ते... दीरनं नव्हतं?"

"मी सुरतले गिरणीत लागनू. कुठे जास, ते तू इचारं नही, मी बी सांगं नही."

त्यानं पाकीट फोडून मोठ्यानं वाचलं. "श्रीमती पार्वतीबाई यांस. मला सुरतेस नोकरी लागल्यामुळे आपली खोली चालू नोव्हेंबरअखेर सोडत आहे. त्यास पंधरा दिवसांहून अधिक मुदत आहे, ही सूचना समजावी. नोव्हेंबरचे भाडे पाच रुपये अनामतीतून वळते करून उरलेले दहा रुपये मिळावेत, म्हणजे इकडील खोलीची अनामत भरता येईल."

पार्वतीबाईंना आधी हसू आलं. मग डोळे भरून आले. मग हात आपोआप पुरचुंडीकडे गेला आणि तिथंच थांबला. आत दहाच उरले होते.

त्यांनी गाठ सोडली. दहाच्या दहा त्याच्यापुढे ठेवले. "मोज."

चुनीलालनं मोजले, त्याच कागदाच्या पाठीवर 'दहा रुपये पावले, खोलीबद्दल देणेघेणे नाही' असं लिहिलं, सही केली आणि किल्ली दिली. "पावतीले सरकारी तिकीट लावानं काम नही. रक्कम वीसना आत शे."

नोव्हेंबरचं भाडं मात्र वकिलांच्या पेटीत गेलं होतं. ते त्या बोलल्या नाहीत. चुनीलालनं सामान गाडीवर लादलं, पाया पडला, गेला.

आठवड्यानं फुलसिंगची घंटी वाजली. "माय, सुरतथून रजिस्टर उनं शे!"

पार्वतीबाईंचे हात कानांकडे निघाले, अर्ध्यावर थांबले. त्यांनी ते पदराला पुसले, आणि आंगठा पुढे केला.

"आन शाई. आनि पहिले पाकीटवर धाडनारनं नाव काय शे, ते वाच. मोठ्यानं वाच."