एका कुट्टी मशीनच्या तीन पाळ्या

माझा नवरा अबुंदिओ बोलायला लागला की भलतंच बोलून बसतो, म्हणून त्याने पत्र लिहिलं. तेही एकसारखं दोनदा, कारण फिदेन्सिओला आधी कळलं तर कासिल्दा रुसणार, आणि तिला आधी कळलं तर तो. एक आमच्या डावीकडे राहतो, दुसरी उजवीकडे. फिदेन्सिओ तिच्या मुलाचा धर्मपिता. त्या नात्याने दोघं एकमेकांना कोंपाद्रे-कोमाद्रे म्हणत. मग जत्रेत त्याने गावाला जेवण घातलं, आणि ‘मोलेच्या रश्शात मीठ जास्त झालंय’ असं कासिल्दा भर पंगतीत बोलली. तेव्हापासून अबोला.

पत्र असं होतं :

“शेजाऱ्यांनो, गाई मक्याच्या कडब्याची पानं खातात आणि धाटं तुडवतात. असंच चाललं तर पावसाआधी गंजी संपेल आणि मला माझी गाय पालोमा विकावी लागेल. वामांतला शहरात धाटं बारीक कापणारं एक जुनं कुट्टी मशीन आहे, चाकांवरचं, पेट्रोलचं. बारा हजार पेसो. तिघांनी सारखे घालू. प्रत्येकाला दोन दिवस, आधी मी, मग फिदेन्सिओ, मग कासिल्दा; रविवारी मशीनला सुट्टी. पेट्रोल ज्याचं त्याचं, पात्यांची धार तिघांच्या खर्चाने. एकट्याने चालवायचं नाही. पुढची पाळी ज्याची, त्याने बंद करायच्या बटणापाशी उभं राहायचं आणि काम संपलं की मशीन घेऊन जायचं.”

दोघांचं उत्तर एकच आलं : मान्य, फक्त क्रम बदला.

अबुंदिओने टेबलावर घेवड्याचे तीन दाणे गोल मांडले आणि फिरवत बसला. कसेही ठेवले तरी ती दोघं शेजारीच, म्हणजे एकाच्या पाळीला दुसऱ्याने बटणापाशी उभं राहायचंच.

“अरे, दोघांच्या मध्ये तू बस,” मी म्हटलं. “तू, तो, तू, ती.”

“म्हणजे पैसे तेवढेच आणि पाळ्या दुप्पट? ते कशाला हो म्हणतील?”

“नाहीच म्हणणार. तू सांगून तर बघ.”

सांगितल्याबरोबर दोघं आमच्या दारात हजर.

“तुमच्या नवऱ्याला म्हणावं, आम्ही काय दुधखुळे आहोत?” कासिल्दा म्हणाली.

“हेच म्हणतो मी,” फिदेन्सिओ भिंतीकडे बघत म्हणाला. “पहिलाच क्रम ठेवा.”

मशीन आलं. आमची पाळी झाली, मग फिदेन्सिओची. तो पेंढी आत सारत होता, कासिल्दा बटणापाशी तोंड फिरवून उभी. मी कुंपणावरून बघत होते, कामधाम सोडून. एकदम तिची मान वळली.

“कोंपाद्रे, बाही!”

तिने बटण दाबलं. इंजिन थांबलं, पाती हळूहळू थंडावली. त्याच्या सैल बाहीचं टोक पेंढी आत ओढणाऱ्या रुळांपासून चार बोटांवर होतं. तो मागे सरला.

त्याने दोन्ही बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या.

“कोमाद्रे,” तो म्हणाला, “मीठ जास्तच झालं होतं.”

“मग एवढे दिवस काय करत होता?” ती म्हणाली. “करा चालू. उद्या माझ्याकडे न्यायचंय.”

पालोमा आमच्याच दावणीला आहे, आणि आता धाटंसुद्धा चाटूनपुसून खाते.