चौकट आधी कापली

आई गेली तेव्हा मी दीड वर्षाचा होतो. तिचा एकुलता एक फोटो ताईच्या खोलीत आहे. काच कधीच फुटली. फोटो मध्यभागी मागच्या पुठ्ठ्याला चिकटलाय आणि कडा सुकून वर वळल्यात. काढायला गेलं तर फाटणारच. म्हणून मी मोबाइलवर त्याचा फोटो घेतला. समोरून माझीच सावली पडत होती, म्हणून जरा बाजूला उभा राहिलो. मग नीटनेटकेपणाच्या हौसेने मोबाइलवरच त्यातली चौकट कापून टाकली आणि तो स्टुडिओत दिला.

छापून आला तो मला आवडला. ताईने चष्मा लावून पाहिला.

"ही कोण रे?"

"आई."

"छे! आई अशी वाळलेली नव्हती. गाल कुठे गेले तिचे?"

मला आठवतच नव्हती ना ती. आणि ताई ब्याऐंशीची. तिच्यानंतर सांगणारं कुणी नाही. या वाळलेल्या बाईलाच मी आई समजून बसलो असतो.

तसाच स्टुडिओत गेलो. तिथल्या बाईंना सांगताना उगाच अपराधी वाटत होतं.

"काका, बाजूने घेतलं की रुंदी आकसते," त्या म्हणाल्या. "मी फोटोचे चार कोपरे धरून सरळ केला; पण कोपरे वर वळलेले, म्हणजे तेच खोटं बोलणार. चौकट कुठाय?"

"मी... कापली."

"अहो, सपाट तेवढी तीच होती!"

नशिबाने मूळ फोटो मोबाइलमध्ये होता. बाईंनी तो उघडला आणि चौकटीच्या आतल्या चारही कोपऱ्यांवर खुणा ठेवल्या. "आतलं माप हवं. नाहीतर पुन्हा अंदाजपंचे."

ताईला फोन लावला. "पुस्तक्या, ग्रंथालयात आयुष्यभर पुस्तकं मोजलीस, एक चौकट मोजता आली नाही?" असं म्हणत तिने शिवणाची टेप लावली. उंची बारा इंच, रुंदी नऊ.

बाईंनी तेच आकडे घातले. तिरकी चौकट पडद्यावर सरळ झाली आणि आतली बाई हळूच रुंदावली. शेवटी त्यांनी चौकट कापली आणि वळलेल्या कडाही. कडांबरोबर खुर्चीचा एक हात आणि कुंडी गेली. चेहऱ्याला धक्का लागला नाही.

नवा फोटो ताईच्या हातात दिला. तिने पुन्हा चष्मा लावला.

"हीच का गं?"

"हीच. ओठ बघ कसे दाबलेत! रागावलीय. चुलीवर दूध ठेवलं होतं आणि बाबांनी हात धरून खुर्चीत बसवलं. फोटो होईपर्यंत सगळं उतू गेलं."

आई रागवायची, हे मला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.

"मग? बाबांना काय म्हणाली?"

"बस इथे," ताई म्हणाली आणि पलंगावर सरकली.