तीन मिनिटांचं प्रास्ताविक

प्रास्ताविक करायला सहसा कुणी राजी नसतं. टाळ्या मिळतात पुढच्या वक्त्यांना, आणि कार्यक्रम लांबला की बोल लागतो पहिल्याला. पण हॉस्पिटलच्या रक्तपेढीतले काका निवृत्त होणार म्हटल्यावर धाकटीने आपणहून हात वर केला. काका म्हणजे तिथले मुख्य तंत्रज्ञ, चौतीस वर्षं एका जागी काढलेले. धाकटी म्हणजे त्यांच्या हाताखालची सगळ्यात तरुण तंत्रज्ञ. तिला खऱ्या नावाने हाक मारणारं तिथे कुणी उरलंच नव्हतं.

हॉस्पिटलमधले सगळे समारंभ हेडक्लार्क बाई पार पाडायच्या. त्यांनी धाकटीला टेबलासमोर बसवून चांगले धडे दिले. तीन मिनिटं म्हणजे तीनच. कशासाठी जमलोय ते सांगायचं, माणसाची ओळख करून द्यायची, एक आठवण सांगायची, बसायचं. डीन साहेबांचे मुद्दे आधीच बोलून टाकायचे नाहीत, नाहीतर ते बिचारे उभे राहून काय घड्याळ बघणार? गोडवे इतके गायचे नाहीत की माणूस निवृत्त झालाय की गेलाय तेच कळू नये. आणि शेवटचं म्हणजे, स्वतःचं पुराण लावायचं नाही. "लोक त्यांच्यासाठी आलेत, तुझ्यासाठी नाही," बाई म्हणाल्या.

बाईंचं सगळं पटलं, फक्त शेवटचं पटेना. कारण धाकटीला बोलायचं होतं ते नेमकं तेच.

अठरा वर्षांपूर्वी तिचे बाबा याच रक्तपेढीत तंत्रज्ञ होते. एका पेशंटला चुकीच्या गटाचं रक्त चढलं. पेशंट मरता मरता वाचला. चौकशी बसली. तपासणीच्या नोंदवहीत सही बाबांची होती. रक्ताच्या नमुन्याच्या नळ्या आठवडाभर जपून ठेवायच्या असतात, पुन्हा तपासून बघता यावं म्हणून. त्या दिवशीच्या दोन नळ्या काही सापडल्या नाहीत. बाबांची नोकरी गेली. तेव्हा धाकटी आठ वर्षांची होती.

नंतर बाबांनी स्टेशनरीचं छोटं दुकान टाकलं, संसार रेटला, पण माणूस आतून खचला तो खचलाच. स्वतःच्या डोळ्यांवरचा त्यांचा विश्वास उडाला. औषधाच्या बाटलीवरची तारीखसुद्धा ते आईकडून वाचून घ्यायचे. चूक आपलीच, आपणच गट चुकीचा वाचला, हे त्यांनी कधी नाकारलं नाही. ओळखीच्यांनी रस्ता बदलला. घरी येत राहिले ते एकटे काका. धाकटीचा अभ्यास घ्यायला काका, कॉलेजचा फॉर्म भरायला काका, आणि रक्तपेढीत जागा निघाली तेव्हा तिच्यासाठी शब्द टाकायलाही काकाच.

तर धाकटीच्या मनात एवढंच होतं: सगळ्यांच्या देखत काकांचे आभार मानायचे, आणि त्या निमित्ताने बाबांना एकदा त्या इमारतीत मान वर करून बसवायचं. बाबा यायला तयार नव्हते. तिने दोन दिवस अबोला धरला तेव्हा कुठे त्यांनी शर्टाला इस्त्री केली.

आदल्या दिवशी काकांनी तिला बाजूला घेऊन विचारलं, काय बोलणार आहेस? तिने हसून टाळलं. ते म्हणाले, नाव सांग, वर्षं सांग आणि बस. तिला वाटलं, काय हा विनय. आपल्या काकांना साधं कौतुकही पचत नाही.

समारंभ दुपारी तीनला, सभागृहात. साठसत्तर माणसं होती. पहिल्या रांगेत डीन साहेब, बाजूला काका नव्या कोऱ्या शर्टात अवघडून बसलेले. बाबा शेवटच्या रांगेत, दाराजवळ, पळ काढता येईल अशा बेताने.

धाकटीने सुरुवात झकास केली. काकांच्या हाताखालून ट्रेनिंग घेऊन गेलेली माणसं आज किती हॉस्पिटलांत आहेत ते सांगितलं. काका फ्रीजचं तापमान दर चार तासांनी बघतात आणि बायकोचा वाढदिवस दर वर्षी विसरतात, यावर हशा पिकला. दोन मिनिटं झाली. हेडक्लार्क बाई कोपऱ्यातून समाधानाने मान हलवत होत्या. तिथेच थांबली असती तर दृष्ट लागण्यासारखं प्रास्ताविक झालं असतं.

"स्वतःबद्दल बोलू नये म्हणतात," ती म्हणाली, "पण एकच सांगते. आमच्या घरावर वाईट दिवस आले तेव्हा आमचं दार वाजवणारे हे एकटे होते. आज माझे बाबा इथे आलेत. अठरा वर्षांनी या इमारतीत पाऊल ठेवलंय, ते फक्त यांचे आभार मानायला."

टाळ्या पडल्या. माना मागे वळल्या. बाबा अर्धवट उठले आणि त्यांनी काकांच्या दिशेने हात जोडले.

काका उभे राहिले. कार्यक्रमपत्रिकेत त्यांचा नंबर शेवटचा होता. डीन साहेबांनी त्यांचा हात धरून बसवायला पाहिलं, तो त्यांनी सोडवला. धाकटीच्या हातातला माइक त्यांनी घेतला तेव्हा त्यांची बोटं बर्फासारखी गार लागली. तिला वाटलं, गहिवरून आलंय.

"हात जोडू नका," काका म्हणाले. "त्या दिवशी वॉर्डातून दोन पेशंटच्या दोन नळ्या लेबल न लावता आल्या होत्या. परत पाठवायला हव्या होत्या. मी अंदाजाने लेबलं चिकटवली. त्यांची अदलाबदल झाली. चौकशी लागल्यावर माझ्या लक्षात आलं, आणि नळ्या मी फेकून दिल्या."

धाकटीला पहिल्यांदा अर्थच लागेना. शब्द कळत होते, पण ते काकांच्या तोंडून येत होते ना. मग एकेक आठवायला लागलं. फॉर्म, अभ्यास, नोकरीसाठी टाकलेला शब्द, अठरा वर्षं दर आठवड्याला वाजलेलं ते दार! तिला भडभडून आलं, आणि त्याच वेळी समोरच्या म्हाताऱ्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. दोन्ही एकदम.

डीन साहेब खाली बघत होते. हेडक्लार्क बाईंनी तोंडावर पदर धरला होता. आता पुढे काय करायचं ते कुठल्याच पत्रिकेत छापलेलं नव्हतं.

बाबा मधल्या वाटेने पुढे येऊ लागले. लोकांना वाटलं, आता हा माणूस हात उगारणार. दोघं तर अडवायला उठलेसुद्धा. धाकटीलाही तसंच वाटलं, आणि खरं सांगायचं तर तिने अडवलं नसतं.

बाबा काकांच्या समोर येऊन थांबले. त्यांचा आवाज इतका बारीक होता की माइक मध्ये नसता तर कुणाला ऐकूही आला नसता.

"म्हणजे मी गट बरोबर वाचला होता?"

"बरोबर वाचला होता," काका म्हणाले.

"दोन्ही नळ्यांचा?"

"दोन्ही."

बाबांनी मान हलवली. शेजारची रिकामी खुर्ची चाचपडत ते तिच्यावर बसले, आणि सगळ्यांच्या देखत लहान मुलासारखे रडायला लागले.