पुजलेली तार

सरकीच्या तेलाची गिरणी काढायच्या आधी बद्रीनाथ मालक कुंभार पिंपळगावचे बागायतदार होते. जालन्याच्या एमआयडीसीत आले तरी नजर शेतकऱ्याचीच राहिली. पीक कसं आहे ते ते बांधावरून सांगत आणि गिरणी कशी चालली आहे ते धुराड्याकडे बघून. धूर दिसला की काहीतरी वाया चाललं, धूर नाही तर सगळं बराबर, असा त्यांचा हिशेब. हिशेब सोपा असला की माणसाला फार आवडतो.

त्र्याण्णव सालच्या खंडेनवमीला गिरणीत यंत्रांची पूजा होती. सोयरे यायचे होते, बँकेचे साहेब यायचे होते. मालकांनी बॉयलरचा फायरमन तातेराव याला सांगितलं, आज वर काळं काही दिसता कामा नये. तातेरावनं धुराड्याच्या वाटेवरची लोखंडी झडप, म्हणजे डँपर, सताड उघडली. ओढ वाढली, भट्टीत हवा धो धो शिरली आणि धूर नाहीसा झाला. मालक एवढे खूश झाले की डँपरचा दांडा त्यांनी स्वतःच्या हातानं तारेनं आवळून टाकला. मागून भटजींनी यंत्रांना हळदकुंकू वाहिलं, तेव्हा तारेलाही वाहिलं आणि झेंडूची माळ घातली.

झालं. पुजलेल्या वस्तूला हात कोण लावणार? माळ सुकून गळाली, तार तशीच राहिली. डँपर उघडा तो उघडाच.

दिवाळीनंतर हिशेब पाहिला तर कोळशाचा खर्च वर चढलेला. तेल तेवढंच निघत होतं, वाफ तेवढीच लागत होती, कोळसा मात्र जास्त संपत होता. मॅनेजर श्रीपतराव यांच्या डोक्यात एकच उत्तर होतं. कोळसा भट्टीत जात नसेल तर फाटकाबाहेर जात असणार, आणि कोळशाच्या आवाराची किल्ली तातेरावकडे होती. मालकांनी एका सकाळी किल्लीसाठी हात पुढे केला. तातेरावनं कमरेची किल्ली काढून त्यावर ठेवली. शनिवारपर्यंत खुलासा कर, नाही तर हिशेब घेऊन आपल्या गावी मंठ्याला जा, असं श्रीपतरावांनी बजावलं.

नोकरी गेली असती तर तातेरावला दुसरी मिळाली असती. परवानाधारक फायरमन रस्त्यावर पडलेले नसतात. पण चोर म्हणून निघालेल्याला कोण ठेवतो? हे त्याला कळत होतं, म्हणून तो गप्प होता. आणि गप्प माणूस गुन्हेगार दिसतो, हे त्याला कळत नव्हतं.

त्यानं तोंड उघडलं ते गिरणीच्या प्रयोगशाळेतल्या प्रेमलाबाईंसमोर. बाई केमिस्ट होत्या. तेलाचा आंबटपणा तपासणं हे त्यांचं काम, आणि ते त्या देवाची भांडी घासावीत इतक्या निगुतीनं करत. तातेराव म्हणाला, भट्टी हलकी जळून राह्यली, फावडं टाकलं की उजेड दिसतो, पण वाफेचा काटा वर चढायला कुथतो. बाईंनी विचारलं, कधीपासून? तो म्हणाला, दसऱ्यापासून. मग तारेची गोष्ट निघाली.

बाईंनी कपाटातून एक लाकडी पेटी काढली. आत काचेची मोजनळी आणि द्रवानं भरलेल्या तीन काचकुप्या. धुराड्याकडे जाणारा वायू शंभर भाग मोजून घ्यायचा आणि एकेका कुपीतून फिरवायचा. पहिली कुपी कार्बन डायऑक्साइड पिते, दुसरी ऑक्सिजन, तिसरी कार्बन मोनॉक्साइड. प्रत्येक वेळी जेवढा वायू घटतो, तेवढा त्यात तो होता. दुसरी कुपी आळशी. तिच्यातून वायू परत परत फिरवावा लागतो. बाईंना आळशी माणसं खपत नसत, पण कुपीशी त्या फार समजुतीनं वागत.

मालक आणि श्रीपतराव बघायला उभे राहिले. डँपरच्या अलीकडे धुराच्या वाटेत भोक होतं, त्यात नळी सरकवली. तातेराव म्हणाला, कोळसा टाकल्या टाकल्या घेऊ नका, मधल्या वेळेला घ्या, नाही तर आकडा खोटं बोलंल. बाईंनी मान डोलावली आणि थांबल्या.

आकडा आला. ऑक्सिजन चौदा, कार्बन डायऑक्साइड सहा, मोनॉक्साइड नाही.

श्रीपतराव हसले. भोकाच्या फटीतनं बाहेरची हवा घुसली असेल, म्हणाले. मुद्दा खोटा नव्हता. बाईंनी वाद घातला नाही. तातेरावला ओली माती आणायला लावली, नळीभोवती लिंपली आणि पुन्हा नमुना घेतला. पुन्हा चौदा.

"बाहेरच्या हवेत ऑक्सिजन एकवीस भाग असतो," त्या मालकांना म्हणाल्या. "त्यातले चौदा न वापरता परत चाललेत. कोळसा जळायला एक पोतं हवा पुरते, आपण तीन देतोय. वरची दोन पोती थंड येतात, आपल्या कोळशावर तापतात आणि धुराड्यातून निघून जातात."

"पण धूर तर न्हाई," मालक म्हणाले.

"धूर दिसतो, मालक. गरम हवा दिसत नाही."

मालकांनी धुराड्याकडे पाहिलं. वर आभाळ स्वच्छ होतं. त्याच स्वच्छतेवर ते दोन महिने मिशीला पीळ देत होते. मग त्यांनी श्रीपतरावांकडे पाहिलं, तारेकडे पाहिलं. तार कुणी बांधली हे आवारातल्या प्रत्येकाला माहीत होतं आणि नेमक्या त्याच वेळी प्रत्येकाला दुसरीकडे बघायचं होतं.

मालकांनी पक्कड मागवली. जोडा काढला, दांड्याला हात जोडले आणि तार स्वतः तोडली. ह्या माणसाच्या चुका मोजायला बसलं तर बोटं पुरत नाहीत. पण त्या दिवशीची ही जमा फार मोठी होती.

तातेरावनं दांडा ओढून डँपर मिटत आणला, जरा जास्तच. धुराड्यातून काळा लोट उठला आणि मालकांचा चेहरा तसाच झाला. बाईंनी नमुना घेतला. ऑक्सिजन तीनवर आला होता, पण मोनॉक्साइड एक भाग. "आता हवा कमी पडली," त्या म्हणाल्या. "कोळसा अर्धवट जळतोय. हेही नुकसानच." तातेरावनं दांडा बोटभर मागं सोडला, थांबला, आगीचा रंग पाहिला, आणखी थोडा सोडला. नमुना. पुन्हा थोडा. नमुना. एक आगीकडे बघत होता, एक काचेकडे, आणि दोघं एकमेकांशी न बोलता एकाच जागेवर येत होते. बघणाऱ्यांना चहाचीही आठवण राहिली नाही.

शेवटी ऑक्सिजन सात, कार्बन डायऑक्साइड बारा, मोनॉक्साइड नाही. लागते त्याच्या दीडपट हवा. हातानं कोळसा टाकायच्या भट्टीत एवढी लागतेच, बाई म्हणाल्या. धुराड्यावर राखाडी, विरळ झाक होती. वाफेचा काटा सरसर चढला.

मालकांनी खिशातून किल्ली काढली. तातेरावनं हात पुढे केला नाही.

"आज न्हाई, मालक," तो म्हणाला. "आठ दिवस श्रीपतरावांकडं राहू द्या. त्यायनं स्वतः तोलून कोळसा द्यावा. मंग बोलू."

श्रीपतराव आठवडाभर वजनकाट्याजवळ उभे राहिले. काळ्या धुळीनं त्यांचे पांढरे शर्ट वाया गेले, पण माणूस प्रामाणिक. वजन एकदाही फिरवलं नाही. वाफ पूर्वीएवढीच निघाली आणि कोळसा जवळपास सातातला एक भाग वाचला. तार बांधल्यापासून वाढला होता तोही तेवढाच. आठ दिवस भरले तेव्हा श्रीपतराव स्वतः किल्ली घेऊन भट्टीपाशी गेले. काय बोलले ते भट्टीच्या आवाजात कुणाला ऐकू आलं नाही. तातेरावनं किल्ली कमरेला खोचली आणि त्यांना बसायला आपला पाट दिला.

पुढल्या खंडेनवमीला तेच सोयरे आले. एकानं वर बघून म्हटलं, बद्रीनाथराव, औंदा धूर दिसून राह्यला.

"दिसायलाच पाहिजे," मालक म्हणाले, आणि भटजींना हाताला धरून प्रेमलाबाईंच्या लाकडी पेटीकडे घेऊन गेले. दांड्याला त्यांनी कुंकू लावू दिलं नाही.