टाळी वाजवून पुन्हा

शिरीषचा आवाज मोठा आहे, याबद्दल घरात, शेजारी आणि वन-नॉर्थच्या त्याच्या ऑफिसात कुणाचंच दुमत नव्हतं. तो आवाज चांगला आहे, असं मात्र आजवर कुणी म्हटलं नव्हतं, आणि नेमकं तेच त्याला खुपत होतं. एकदा तरी कुणीतरी आपल्या आवाजाला दाद द्यावी, एवढीच त्या बापड्याची इच्छा. त्यामुळे सिंगापूरमधल्या बुओना व्हिस्टाच्या आसपासच्या मराठी कुटुंबांनी चालवलेल्या मंडळाच्या अध्यक्ष नीताताईंनी ग्रुपवर विचारलं, की मंडळाच्या वाटचालीवरच्या छोट्या फिल्मला आवाज कोण देणार, तेव्हा प्रश्न पुरता वाचायच्या आत त्याने ‘मी’ लिहून टाकलं. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

पाठोपाठ विक्रांतनेही लिहिलं, की गरज पडली तर तोही आहे. विक्रांत मंडळाचा कायमचा आभारप्रदर्शक. त्याच्या तोंडून शब्द इस्त्री करून बाहेर पडत. नीताताईंनी शिरीषला रविवार संध्याकाळपर्यंत मुदत दिली, आणि जमलं नाही तर विक्रांत आहेच, असं गोड शब्दांत सांगून ठेवलं.

आता काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. शिरीषची बायको क्षिप्रा एका कंपनीसाठी प्रशिक्षणाचे व्हिडिओ बनवायची आणि त्यांचं निवेदन घरीच फोनवर रेकॉर्ड करायची. पण तिला विचारायचं म्हणजे आपल्याला येत नाही हे कबूल करायचं. त्यापेक्षा डोकं लढवलेलं बरं, असं शिरीषने ठरवलं.

डोकं लढवून त्याला सापडला बॉम्ब शेल्टर. सिंगापूरच्या अनेक फ्लॅटांत ही काँक्रीटच्या जाड भिंतींची, लोखंडी दाराची खोली असते, आणि बॉम्ब काही पडत नाहीत म्हणून लोक तिची अडगळीची खोली करतात. दार लावलं की खालच्या पूलमधली पोरं नाहीत, पहाटेपासून कोकलणारा कोकीळ नाही. झकास. शनिवारी सकाळी त्याने तिथल्या बॅगा, तांदळाची पोती, गाद्या, पुण्याहून आणलेल्या दुलया असं सगळं ओढून हॉलमध्ये रचलं. क्षिप्राने सोफा कुठे गेला असं विचारलं. तो दुलयांच्या खाली होता.

रिकाम्या शेल्टरमध्ये उभं राहून शिरीषने फोन ओठांना टेकवला, कणीस खावं तसा, आणि भारदस्त आवाजात सुरुवात केली. चुकला की ‘अरे देवा’ म्हणायचं आणि पार पहिल्या वाक्यापासून पुन्हा, अशी त्याची पद्धत. दुपारपर्यंत घसा बसला. त्यातल्या त्यात बरं रेकॉर्डिंग त्याने नीताताईंना पाठवलं आणि कौतुकाची वाट बघत बसला.

नीताताईंचा फोन आला. त्यांनी काळजीने विचारलं, “शिरीष, तुम्ही विहिरीत पडलाय का?”

शिवाय दर ‘प’ला आणि ‘भ’ला फटाका फुटतोय, असंही त्या म्हणाल्या, आणि विक्रांतला तयारीत राहायला सांगितल्याचं शेवटी हळूच कळवलं.

शिरीषचा चेहरा पडला. दुलयांच्या ढिगावर तो असा बसला, की क्षिप्राला हसावं की जवळ घ्यावं कळेना. तिने आधी हसून घेतलं. बारा वर्षांची अवनी सिंगापुरी ढंगात म्हणाली, “बाबा, सिंपल लह, आईला विचार.”

त्याने विचारलं. मग क्षिप्राने त्याला समजावलं, की खोली शांत असणं वेगळं आणि खोली घुमणं वेगळं. उघडं काँक्रीट आवाज परत अंगावर फेकतं, मऊ कापड तो पिऊन टाकतं. ज्या दुलया आवाज पिणार होत्या, त्याच त्याने घाम गाळून बाहेर काढल्या होत्या. ते सगळं आत नेण्याचं त्राण त्याच्यात उरलं नव्हतं, म्हणून तिने तिचं साड्यांचं कपाट उघडलं.

रविवारी दुपारी घरातला एसी बंद, पंखा बंद, फोन फ्लाइट मोडवर. क्षिप्राने फोन कपाटातल्या एका खोक्यावर टेकवला. हातात धरला की बोटांची खरखर येते, म्हणून हात लावायचा नाही. तोंडापासून वीतभर अंतर, आणि फोन अगदी समोर नाही, किंचित बाजूला, म्हणजे ‘प’चा वारा माइकवर न आदळता शेजारून निघून जातो. माइक फोनच्या खालच्या कडेला असतो, हे ऐकून शिरीष चकित झाला. काल सकाळभर तो स्क्रीनला ओठ टेकवून भाषण करत होता.

डोकं साड्यांत आणि पाठीवर क्षिप्राने धरलेली दुलई, अशा थाटात निवेदन सुरू झालं. आधी थोडंसं बोलून हेडफोनवर ऐकलं. विहीर गेली होती. तो चुकला आणि ‘अरे देवा’ म्हणाला.

“देवाला बोलवायचं नाही,” दुलईमागून क्षिप्रा म्हणाली. “क्षणभर गप्प राहा, एक टाळी वाजव, आणि तेच वाक्य पहिल्यापासून म्हण. रेकॉर्डिंग चालूच ठेव. टाळीची रेघ स्क्रीनवर उंच दिसते, तिथे चूक आहे ते मला कळतं. मग चूक आणि टाळी दोन्ही मी कापून टाकते.”

शिरीष घामाने निथळत होता, गळ्याशी पैठणीचा पदर आला होता, पण ही युक्ती त्याला भलतीच आवडली. चुकलं की गप्प, टाळी, पुन्हा. चुकण्याची भीतीच गेली. बाहेरून अवनीला वाटलं, आई-बाबा कपाटात आरती म्हणताहेत.

संध्याकाळी फाइल गेली आणि नीताताईंनी ‘स्वच्छ!’ असं एका शब्दात कळवलं. विक्रांत आभारांपुरता उरला. पण टाळीची सवय शिरीषला चिकटली ती चिकटलीच. आठवडाभर तो ऑफिसच्या मीटिंगमध्येही टाळ्या वाजवत होता.

कार्यक्रमाच्या दिवशी फिल्म सुरू झाली. शिरीष कान टवकारून बसला. आवाज इतका नितळ होता, की लोक फोटोंत बुडून गेले. जुन्या सहली बघून हसले, परत गेलेल्या मंडळींना बघून हळहळले. फिल्म संपली, सगळे दिग्दर्शकाभोवती जमले. निवेदन कुणाचं, असं एकानेही विचारलं नाही. चांगलं निवेदन असंच असतं, जाणवत नाही, असं क्षिप्रा त्याच्या कानात म्हणाली. त्याला ते पटलं आणि फार वाईटही वाटलं.

नीताताईंच्या बहुधा ते लक्षात आलं. त्यांनी त्याला मंचावर बोलावून दोन शब्द बोलायला लावलं.

शिरीषने माइक वीतभर दूर, किंचित बाजूला केला. म्हणाला, “आपल्या मंडळाने परदेशात मराठी पर... पंर...” आणि अडखळला. गप्प झाला. खणखणीत टाळी वाजवली. “आपल्या मंडळाने परदेशात मराठी परंपरा जपली.”

सभागृहाला वाटलं, हा टाळ्या मागतोय. वाक्यही बरं होतं. पहिल्या रांगेने टाळ्या दिल्या, मागच्यांनी उचलून धरल्या. त्या गडगडाटाने शिरीष गोंधळला आणि पुढच्या वाक्यात आणखी मोठा चुकला. टाळी. पुन्हा वाक्य. पुन्हा गडगडाट. तो जितका चुकत गेला तितकं सभागृह रंगत गेलं, आणि शेवटी लोक उभे राहिले.

मग विक्रांत आला. एकही चूक न करता त्याने सगळ्यांचे आभार मानले. एकही टाळी पडली नाही.

एमआरटी मेट्रोतून घरी जाताना अवनीने फोनवर टिपलेलं भाषण तिघांनी ऐकलं. शिरीष डोळे मिटून ऐकत होता. क्षिप्रा म्हणाली, “पुण्याला आईंना पाठवू या. घरी गेल्यावर चुका आणि टाळ्या कापून देते.”

शिरीषने डोळे उघडले.

“चुका काप,” तो म्हणाला. “टाळ्या राहू देत.”